'बॉस, थोडं हळू घेतो' ते रीतसर अर्ज : ऑपरेशननंतरच्या लाइट ड्युटीची गोष्ट



या वेळचा लेख थोडा रुक्ष आहे, आधीच सांगून टाकतो. बेडोकला आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये रविवारी सकाळी आम्ही तीन-चार मराठी मंडळी भेटतो, मग हॉकर सेंटरला कोपी होते आणि मुलांच्या शाळेपासून पुण्यातल्या फ्लॅटच्या मेंटेनन्सपर्यंत सगळे विषय निघतात. गेल्या वर्षी जूनमध्ये एका रविवारी आमचा एक मित्र पोट धरून बसला होता. दोन आठवड्यांपूर्वीच त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही सगळे इंजिनिअर ना? मग याला एक धड पत्र का लिहिता येत नाही?" प्रश्न खरा होता. ते पत्र लिहायला मी त्याच्याबरोबर बसलो आणि त्यात जे शिकलो ते इथे मांडतो. त्याच्या परवानगीने लिहितोय. नाव, कंपनी, हॉस्पिटल काहीच देत नाही.

मित्र डेटा सेंटरमध्ये काम करतो. आयटी म्हटलं की लोकांना वाटतं खुर्चीत बसून कीबोर्ड बडवणं. पण याचं काम निम्मं अंगमेहनतीचं. डिस्कने भरलेला एक टू-यू सर्व्हर २५-३० किलोपर्यंत जातो आणि तो रॅकमध्ये छातीच्या उंचीवर धरून सरकवायचा असतो. जमिनीच्या फरशा उचलून खाली केबल टाकायच्या, ट्रॉली ढकलायची, वर १२ तासांची रात्रपाळी आणि ऑन-कॉल. अशा माणसाच्या जांघेत हर्निया झाला आणि जाळी बसवून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. २६ मे ते ८ जून अशी १४ दिवसांची एमसी मिळाली.

आता पाहा, त्याने साहेबाला काय कळवलं. मूळ मेसेज इंग्रजीत होता, मी मराठीत देतो:

"हाय बॉस, ऑपरेशन मस्त झालं. सोमवारी येतोय. थोडे दिवस जरा हळू घेईन बहुतेक, चालेल ना? थँक्स!"

साहेबाने अंगठा पाठवला. झालं! मित्राच्या मते परवानगी मिळाली. साहेबाच्या मते एक आनंदाची बातमी मिळाली.

सोमवारी, ९ जूनला, तो कामावर गेला. गुरुवारी एका ग्राहकाचं सामान दुसऱ्या हॉलमध्ये हलवायचं होतं. रोस्टर दुसऱ्याच माणसाने बनवलं होतं, त्याला ऑपरेशनचा पत्ताच नव्हता. दोघांनी उचलायचे सर्व्हर, जोडीदार अर्ध्या तासासाठी दुसरीकडे गेलेला, आणि आमचा मित्र "आता नाही कसं म्हणू" म्हणून एकट्याने उचलत राहिला. रात्री जांघेत सूज आणि कळ. शुक्रवारी सर्जनकडे धाव. नशीब बलवत्तर, जाळी जागेवर होती, हर्निया परत आला नव्हता. ताण पडला होता एवढंच. पण दोन आठवड्यांची विश्रांती जवळजवळ वाया गेली.

इथे मला साहेबाला खलनायक करायचं नाही. तो मेसेज मीही पाच वेळा वाचला. त्यात 'थोडे दिवस' म्हणजे किती, 'हळू' म्हणजे काय, हे कोण म्हणतंय, डॉक्टर की तू, आणि मी नक्की काय करायचं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. आपल्याकडे ग्राहकाने अशी रिक्वायरमेंट पाठवली असती तर आपण ती परत पाठवली असती! शिवाय चॅटमधला मेसेज साहेबाच्या फोनमध्येच राहतो. रोस्टर बनवणाऱ्यापर्यंत, एचआरपर्यंत तो पोचत नाही.

मग मित्र हे रीतसर का मागत नव्हता? उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. एम्प्लॉयमेंट पास कंपनीशी बांधलेला. नोकरी गेली की पास रद्द आणि मग साधारण ३० दिवसांत बिस्तरा आवरायचा. मुलगी इथल्या शाळेत. "आजारी माणूस नको" असं कोणाच्या मनात यायला नको म्हणून आपण सगळं हसत-हसत, हलक्यात सांगतो. हलक्यात सांगितलं की ऐकणाराही ते हलक्यात घेतो.

एमसी वेगळी, लाइट ड्युटी वेगळी

पहिला गोंधळ इथे होतो. एमसी म्हणजे तुम्ही कामाला लायक नाही, घरी राहा. त्यासाठी कायदा आहे. इथल्या एम्प्लॉयमेंट ॲक्टखाली सहा महिने नोकरी झालेल्याला वर्षाला १४ दिवस साधी पगारी आजारपणाची रजा आणि हॉस्पिटलायझेशन धरून एकूण ६० दिवस मिळतात. ते १४ या ६० मध्येच मोजले जातात, वेगळे नाहीत. एप्रिल २०१९ पासून मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह मंडळीही पगार कितीही असला तरी या कायद्यात आली आहेत. त्यामुळे "आमच्यासारख्यांना ते लागू नाही" हे जुनं वाक्य आता चालत नाही. डे सर्जरी असली, रात्रभर वॉर्डात राहिला नाहीत, तरी ती रजा हॉस्पिटलायझेशनमध्ये धरता येते. एमसीवर तसा प्रकार लिहिलेला आहे ना ते क्लिनिकमधून निघण्यापूर्वी बघा. चुकून साधी लिहिली गेली तर तुमचे १४ दिवस भराभर संपतात.

लाइट ड्युटीचं तसं नाही. ती डॉक्टरची शिफारस आहे: माणूस कामाला लायक आहे, पण अमुक करू नये. ऑपरेशन कामाशी संबंधित नसेल तर "कंपनीने हलकं काम दिलंच पाहिजे" असा हक्क कायद्यात नाही. म्हणजे ही मागणी समोरच्याच्या समंजसपणावर आणि तुमच्या कागदाच्या स्पष्टपणावर उभी असते.

कामावर काही उचलताना, पडल्यामुळे किंवा कामातूनच ही दुखापत झाली असेल तर मात्र रस्ता पूर्ण वेगळा. तिथे वर्क इंज्युरी कॉम्पेन्सेशनचा कायदा लागतो, आणि सप्टेंबर २०२० पासून कामावरच्या अपघातामुळे डॉक्टरने एमसी किंवा नुसती लाइट ड्युटी दिली तरी कंपनीला ते मनुष्यबळ मंत्रालयाला कळवावं लागतं. डॉक्टरला दुखणं कसं सुरू झालं ते पहिल्याच भेटीत खरं-खरं सांगा. मित्राच्या बाबतीत हर्निया कधीपासून होता हे त्यालाच ठाऊक नव्हतं, एक असा प्रसंग बोट ठेवून दाखवता येत नव्हता, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

डॉक्टरला काय सांगायचं?

शुक्रवारी सर्जनने रविवारपर्यंतची एमसी दिली आणि सोबत मेमो दिला. मेमोवर एकच ओळ: लाइट ड्युटी, १६ जून ते १३ जुलै. मित्र खूश. सोमवारी एचआरने विचारलं, "लाइट ड्युटी म्हणजे काय?" साहेबाने चांगल्या मनाने तोडगा काढला: "तू मॉनिटरिंगच्या रात्रपाळीला बस. तिथे काही उचलायचं नसतं." म्हणजे हलक्या कामाच्या नावाखाली १२ तास बसणं, रात्रीचं जागरण आणि अलार्म वाजला की हॉलमध्ये एकट्याने धावणं! पुन्हा तेच. 'लाइट' हा शब्द प्रत्येकाने आपल्या सोयीने वाचला.

चूक सर्जनची म्हणता येणार नाही. त्याच्या समोर 'आयटी इंजिनिअर' एवढंच लिहिलेलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर खुर्ची आणि कीबोर्डच आला असणार. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही अर्ध्या पानाचा एक कागद तयार केला. वर नाव, हुद्दा आणि शिफ्ट. खाली कामाच्या दिवसात शरीर नेमकं काय करतं ते: २५-३० किलोचे सर्व्हर, आठवड्यात साधारण किती वेळा, कोणत्या उंचीवर, ट्रॉली ढकलणं, फरशी उचलणं, उकिडवं बसून केबल ओढणं आणि त्याला लागणारा वेळ, सलग बसणं, पाळीचे तास, रात्री बोलावणं. पदाचं नाव आणि जबाबदाऱ्यांची भारदस्त इंग्रजी वाक्यं त्यात अजिबात घातली नाहीत. सर्जनला हवे असतात किलो, तास आणि शरीराची स्थिती.

शेवटी तीन प्रश्न लिहिले. यातलं काय करायचं नाही? किती वजनापर्यंत चालेल? पुन्हा तपासणी कधी?

मंगळवारी क्लिनिकने तो कागद बघून मेमो नव्याने लिहून दिला. ५ किलोपेक्षा जास्त उचलणं, ढकलणं, ओढणं नाही. दीर्घकाळ उकिडवं बसणं नाही. तासाभराने उठून चालण्याची मुभा. दिवसाला ९ तासांपर्यंतच काम, रात्रपाळी व ऑन-कॉल नाही. बसून करायचं काम पूर्ण वेळ चालेल. फेरतपासणी ११ जुलै.

इथे एक इशारा. हे आकडे त्याचे, त्याच्या सर्जनने त्याच्यासाठी दिलेले. तुमच्या मेमोत ते कॉपी-पेस्ट करून मागू नका! हर्नियाच्या बाबतीत तर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. जुन्या पद्धतीत ४ ते ६ आठवडे जड उचलणं बंद सांगत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र म्हणतात की दुखत नसेल तर रुग्णाने लवकरच नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात. तुमचं ऑपरेशन कसं झालं, सूज आहे का, काम काय, यावर तुमचा सर्जन ठरवणार. म्हणूनच मेमो शक्यतो ऑपरेशन करणाऱ्याकडूनच घ्यावा. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरकडे ऑपरेशनचे कागद नसतात आणि तो असे आकडे लिहायला कचरतो, जे योग्यच आहे.

मग अर्ज

मेमो हातात आल्यावर अर्ज लिहायला वीस मिनिटं लागली. मूळ इंग्रजीत, एका पानाचा. मराठीत असा:

*दिनांक १७ जून. प्रति, टीम मॅनेजर. प्रत : एचआर.*

*विषय : शस्त्रक्रियेनंतर १३ जुलैपर्यंत तात्पुरत्या हलक्या कामाची विनंती*

*महोदय,*

*माझी २६ मे रोजी शस्त्रक्रिया झाली व मी ८ जूनपर्यंत वैद्यकीय रजेवर होतो. १३ ते १५ जून पुन्हा वैद्यकीय रजा घ्यावी लागली. सर्जनने १६ जून ते १३ जुलै या काळासाठी दिलेला मेमो सोबत जोडला आहे.*

*मेमोनुसार या काळात मी ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलणे, ढकलणे वा ओढणे, दीर्घकाळ उकिडवे बसणे, ९ तासांपेक्षा जास्त काम, रात्रपाळी आणि ऑन-कॉल करू शकत नाही. बसून करायचे काम मी पूर्ण वेळ करू शकतो.*

*या काळात मी दिवसपाळीत तिकिटांचा निपटारा, बदलांच्या कामाचे नियोजन व तपासणी, आणि प्रलंबित असलेले केबल व रॅकचे दस्तऐवज पूर्ण करू शकेन. रॅकवरील काम व माझे दोन ऑन-कॉल आठवडे इतर सहकाऱ्यांकडे द्यावे लागतील. दोघांनी आठवडे बदलून घेण्याची तयारी दाखवली आहे; परत आल्यावर मी त्यांचे आठवडे करीन.*

*माझी फेरतपासणी ११ जुलैला आहे. त्याच दिवशी मी निकाल कळवीन. कृपया ही व्यवस्था मान्य असल्याचे लेखी कळवावे व रोस्टर करणाऱ्यांना तशी सूचना द्यावी. यातील काही शक्य नसल्यास मला सांगावे, म्हणजे मी सर्जनशी बोलू शकेन.*

*आपला, (नाव, कर्मचारी क्रमांक)*

आता बघा, यात 'हर्निया' शब्द कुठेही नाही. तो मुद्दाम गाळला आहे. साहेबाला तुमच्या जांघेत काय झालं ते कळायची गरज नाही. काय करता येणार नाही आणि किती दिवस, एवढंच पुरेसं आहे. इथल्या एमसीवरही निदान सहसा लिहिलेलं नसतं. काही जणांना यात "लपवतोय असं वाटेल" अशी भीती वाटते, पण मित्राच्या एचआरने एकदाही विचारलं नाही.

'विनंती' हा शब्दही मुद्दाम आहे, कारण हक्क नाही. पण मेमोतल्या मर्यादा सांगणारी वाक्यं विनंतीची नाहीत. 'करू शकत नाही' हे सरळ विधान आहे आणि त्याच्या आधी 'मेमोनुसार' आहे. चॅटमधल्या 'बहुतेक' आणि 'जरा'ची जागा आता डॉक्टरच्या शब्दांनी घेतली. उलट दिशेनेही तेच: मेमोत नाही ते अर्जात घालायचं नाही. मित्राला ओघात "आठवड्यातून तीन दिवस घरून काम" पण टाकायचं होतं, कारण एमआरटीच्या गर्दीत उभं राहणं त्याला नको होतं. मी म्हटलं, डॉक्टरने लिहिलंय का? नाही ना, मग नको. एक गोष्ट मेमोबाहेरची निघाली की वाचणारा बाकीच्या सगळ्यांवर शंका घेतो.

घरून काम हवंच असेल तर त्याचा वेगळा अर्ज करावा. १ डिसेंबर २०२४ पासून इथे लवचिक कामाच्या विनंत्यांसाठी त्रिपक्षीय मार्गदर्शक सूचना लागू आहेत. प्रोबेशन संपलेला कोणीही लेखी अर्ज करू शकतो. त्यात अर्जाची तारीख, काय हवं, किती वेळा, किती काळ, कारण, आणि सुरुवात-शेवटाच्या तारखा लिहायच्या. कंपनीने दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं आणि नकार दिला तर धंद्याच्या दृष्टीने पटेल असं कारण द्यायचं. "माणूस मला डोळ्यांसमोर हवा" हे कारण चालत नाही. पण आपल्या प्रकरणात दोन अडचणी आहेत. एक, दोन महिन्यांत तर टाके विसरायलाही होतात. म्हणून ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच अर्ज टाका. दुसरी जास्त महत्त्वाची: या सूचनांमध्ये 'काम कमी करणं' हाही एक प्रकार आहे आणि त्यात पगारही त्या प्रमाणात कमी होणं गृहीत धरलेलं आहे. डॉक्टरने सांगितलेली लाइट ड्युटी चुकून त्या खान्यात टाकू नका. मित्र पूर्ण वेळ काम करणार होता, फक्त वेगळं काम. शिफ्ट आणि ऑन-कॉलचा भत्ता तेवढा बुडाला, ते त्याने मान्य केलं.

कंपनी म्हणाली की आमच्याकडे हलकं काम नाहीच, तर? तेव्हा भांडत बसण्यात अर्थ नाही आणि "बरं, मग उचलतो" म्हणणं तर त्याहून वाईट. तो लेखी नकार घेऊन सर्जनकडे परत जायचं. तुमचं खरं काम हे असं आहे आणि पर्याय नाही, हे कळल्यावर तो हवी तर एमसी वाढवू शकतो. शिल्लक आधी मोजून ठेवा. रजा कामाच्या दिवसांत मोजली जाते, त्यामुळे पाच दिवसांच्या आठवड्यात ६ आठवड्यांची विश्रांती म्हणजे ३० दिवस, ६० पैकी निम्मे. मित्राची रोस्टरवरची गणती जरा वेगळी होती, पण शिल्लक भरपूर होती. अर्जातलं शेवटचं वाक्य याच दारासाठी ठेवलं होतं.

आणखी एक बारीक जागा, तारखांची. एमसी ८ जूनला संपली आणि मेमो सुरू झाला १६ जूनला. मधल्या आठवड्यात कागदोपत्री मित्र ठणठणीत होता, आणि नेमका त्याच आठवड्यात घोळ झाला! एमसीच्या शेवटच्या दिवसाआधीच मेमो घ्यायला हवा होता. तसंच मेमोची मुदत संपते त्याच्या आधी फेरतपासणी हवी, नंतर नको. १३ जुलै रविवार होता, म्हणून शुक्रवारची ११ तारीख मागून घेतली.

साहेबाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तीन ओळींचं. मान्य, रोस्टर बदललं, दस्तऐवजांचं काम आधी घे. ते दस्तऐवज दीड वर्ष पडून होते म्हणे, त्यामुळे साहेब उलट खूश. मित्राने हे उत्तर आणि मेमो स्वतःकडे पीडीएफ करून ठेवले. पुढच्या आठवड्यात रोस्टरवाल्याने सवयीने शनिवारच्या हलवाहलवीला त्याचं नाव टाकलंच. या वेळी त्याने 'नाही कसं म्हणू' केलं नाही. साहेबाचं उत्तर फॉरवर्ड केलं आणि दहा मिनिटांत नाव निघालं.

११ जुलैला सर्जनने बघून वजनाची मर्यादा १५ किलो केली, आणखी दोन आठवडे. त्यासाठी नवा मेमो आणि दोन परिच्छेदांचा नवा अर्ज. हा मात्र मित्राने एकट्याने लिहिला, आणि पाठवण्याआधी वहिनींकडून तपासून घेतला.